जागा खरी होती, संकेतस्थळ नव्हतं

मंगळवारी सकाळी आलेल्या त्या मेलमध्ये खटकावं असं काहीच नव्हतं, हे आधी कबूल करते. शुद्धलेखन ठीक, माझं नाव बरोबर, आधीच्या नोकरीतलं पदही बरोबर. एका मोठ्या कंपनीत पुरवठा नियोजनाची जागा आहे, तुमचा बायोडेटा आम्हाला योग्य वाटला, पुढची माहिती खालच्या संकेतस्थळावर भरा, असा मजकूर. खाली जागेचा क्रमांक, भरती अधिकाऱ्याचं नाव, कंपनीचा लोगो. नोकरी सुटून मला चार महिने झाले होते. अशा वेळी माणूस मेलमधल्या खोड्या काढत बसत नाही, मुलाखतीला काय बोलायचं याची उजळणी सुरू करतो.

कंपनीचं नाव इथे देत नाही. पत्ते समजावून सांगण्यापुरतं तिला company म्हणते आणि पत्त्याच्या शेवटी `.example` लावते. हे शेपूट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यावर खरं संकेतस्थळ कुणालाच काढता येत नाही. तर कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ `company.example` आणि मेलमधला दुवा `company-careers.example`.

दुवा उघडला. रंग, अक्षरं, छायाचित्रं, सगळं कंपनीचंच. खालच्या पट्टीतल्या ‘गोपनीयता धोरण’वर टिचकी मारली तर थेट कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावर गेले, आणि त्यामुळे उलट विश्वासच बसला. ही गंमत नंतर कळली. नक्कल करणारा माणूस पूर्ण संकेतस्थळ बांधत बसत नाही. एक पान उचलतो, त्यातले सगळे दुवे तसेच ठेवतो आणि फक्त फॉर्म आपला लावतो. बाकी सगळं खऱ्या घराकडे जातं, एवढी एक खिडकी दुसऱ्याच्या घरात उघडते.

फॉर्म तीन टप्प्यांचा होता. पहिल्यात बायोडेटा, दुसऱ्यात फोन आणि राहण्याचा पत्ता. हे दोन्ही मी भरून टाकले. तिसऱ्यात ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, बँक खात्याचा तपशील आणि ‘कामाच्या उपकरणांसाठी परत मिळणारी अनामत’. इथे हात थांबला. मुलाखतच झाली नाही आणि बँक खातं कशाला? पण फॉर्मवर घड्याळ चालू होतं, ४८ तासांत पूर्ण करा नाहीतर अर्ज रद्द. म्हणून ठरवलं, कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाच विचारू.

आता विचारायचं कुठल्या पत्त्यावर? त्या संकेतस्थळाच्या ‘संपर्क’ पानावर `hr@company-careers.example` असा पत्ता होता. तो कॉपीही करून घेतला आणि मग लक्षात आलं, मी संशयितालाच विचारायला निघालेय की बाबा तू चोर आहेस का. सर्च करून वर येईल ते घ्यावं तर पहिले एकदोन निकाल जाहिरातीचे असतात, आणि जाहिरात पैसे देईल त्याची. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणून तिचा जुना वार्षिक अहवाल शोधला, त्यात छापलेला संकेतस्थळाचा पत्ता हाताने टाइप केला आणि तिथून मनुष्यबळ विभागाचा मेल उचलला. दहा मिनिटं लागली. सगळ्या प्रकरणात पहिल्याच दिवशी बरोबर केलेली माझी ही एकमेव गोष्ट.

कारण पुढे लिहिलेला मेल साफ चुकला. मी विचारलं, “आपल्याकडे पुरवठा नियोजकाची जागा, क्रमांक अमुक, खरोखर रिकामी आहे का?” दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं, “होय, ही जागा खुली आहे. अर्ज आमच्या करिअर पानावरून करावा. शुभेच्छा.”

हुश्श झालं. फॉर्म पुन्हा उघडला, ओळखपत्राचा फोटोही काढून ठेवला.

उत्तर खोटं नव्हतं, खोट माझ्या प्रश्नात होती. मी जागेबद्दल विचारलं, त्यांनी जागेबद्दल सांगितलं. संकेतस्थळाचा मी उल्लेखच केला नव्हता, कारण माझ्या डोक्यात जागा आणि संकेतस्थळ ही एकच गोष्ट होती. जागा खरी म्हणजे तिची जाहिरात दाखवणारं पानही खरं, असं धरून चालले होते. पण जागेचा क्रमांक, कामाचं वर्णन, पात्रता हे सगळं कंपनीच्या पानावर जगाला दिसतं. ते उचलून दुसरीकडे चिकटवायला दोन मिनिटं लागतात. खोट्या जागेपेक्षा खरी जागा वापरणं त्यांच्या सोयीचं, कारण माझ्यासारखी कुणी चौकशी केलीच तर कंपनी स्वतःच “होय” म्हणते.

वाचवलं त्या उत्तरातल्या ‘आमच्या करिअर पानावरून’ या शब्दांनी. म्हटलं, तेच पान ना हे, एकदा ताडून बघू. वार्षिक अहवालातल्या पत्त्यावरून आत शिरले, करिअर पान उघडलं, तीच जागा सापडली, ‘अर्ज करा’ दाबलं. आणि उघडला तो पत्ता ना `company.example` होता, ना `company-careers.example`. तिसराच. कुठल्यातरी सेवा कंपनीचा, ज्याच्या सुरुवातीला आपल्या कंपनीचं नाव. आता माझ्यापुढे तीन पत्ते, आणि अर्जाचा खरा फॉर्मसुद्धा कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर नाही!

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला. अनेक मोठ्या कंपन्या अर्ज घेण्याची यंत्रणा स्वतः बांधत नाहीत, भाड्याने घेतात. `myworkdayjobs.com` किंवा `greenhouse.io` असे पत्ते अर्ज करणाऱ्यांनी पाहिले असतील, ते अशाच यंत्रणांचे. त्यामुळे ‘पत्ता कंपनीचा नाही म्हणजे बनावट’ हा सरळ नियम लावला तर खऱ्या जागासुद्धा हातच्या जातात. उलट ‘पत्त्यात कंपनीचं नाव आहे म्हणजे खरा’ हा नियम लावला तर माझ्यासारखं होतं.

पत्ता वाचायची रीत मला माझ्या मावसभावाने शिकवली. तो एका संस्थेचे मेल-सर्व्हर सांभाळतो. “ताई, पत्ता उलटा वाचायचा,” तो म्हणाला. “सुरुवातीचं `https://` सोड, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांब आणि तिथून डावीकडे ये. शेवटचे दोन तुकडे मालकाचे.” `careers.company.example` असं असेल तर मालक `company.example`, कारण मधे टिंब आहे. टिंबाच्या डावीकडे काय लिहायचं ते मालकच ठरवतो. `company-careers.example` मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आहे, म्हणजे हे पूर्ण वेगळं नाव, आणि ते आधी कुणी घेतलेलं नसेल तर कुणालाही विकत घेता येतं. काही देशांच्या पत्त्यांत शेवटी `.co.uk` अशी जोडशेपूट असते, तिथे दोनऐवजी तीन तुकडे मोजायचे. टिंब आणि रेघ यातला फरक मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या बारकाईने बघितला. मोबाइलवर तर पत्ता पुरता दिसतही नाही, मी सकाळी मेल मोबाइलवरच उघडला होता.

मग त्याने आणखी दोन गोष्टी बघायला लावल्या. एक, `lookup.icann.org` वर तो पत्ता टाकून नोंदणीची तारीख. मालकाचं नाव तिथे बहुतेक वेळा झाकलेलं असतं, २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता नियमांमुळे तर फारच. पण तारीख दिसते. आमच्या पत्त्याची नोंदणी २३ दिवसांपूर्वीची होती. दुसरी, मूळ मेलचं पोट. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांखाली ‘Show original’ असतं. तिथे SPF, DKIM, DMARC अशा तीन ओळी असतात, आणि तिन्हींपुढे PASS लिहिलेलं. मी म्हटलं, अरे मग खराच आहे की! तो हसला. त्या PASS चा अर्थ एवढाच की मेल ज्या नावाने आला त्याच नावाच्या परवानगीने आला. नाव `company-careers.example` हेच त्यांचं स्वतःचं असेल तर PASS मिळायला अडचण कसली? चोराने स्वतःच्या नावाचं खरं ओळखपत्र दाखवावं तसं ते. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हाचंही तेच. जोडणी सांकेतिक आहे एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण आहे ते सांगत नाही. लोक त्याचा भलताच अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

पण एवढं सगळं बघूनही हातात काय होतं? संशय. कंपनीने भरतीच्या मोहिमेसाठी नवं नाव २३ दिवसांपूर्वीच घेतलं असेल, कुणी सांगावं. आडव्या रेघेची नावं घेणाऱ्या खऱ्या कंपन्याही असतात. हे संकेतस्थळ आपलं की परकं, हे छातीठोकपणे सांगणारी एकच जागा होती, ती म्हणजे कंपनी. म्हणजे पुन्हा मेल.

या वेळी मी शहाणपणा केला आणि आलेला मेलच्या मेल त्यांना पुढे पाठवला, वर एक ओळ लिहून: “हे तुमचंच आहे का?” मिनिटभरात परत आला. खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर आणि मधे ही ओळ:

```
550 5.7.1 Message rejected due to content restrictions
```

५५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने कायमचा नकार दिला, आणि ५.७.१ म्हणजे सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने, असं भावाने वाचून सांगितलं. मेलमधल्या दुव्यावर त्यांच्या गाळणीने फुली मारली असणार. एका अर्थी हेही उत्तरच होतं, पण गाळण्या खऱ्या दुव्यांवरही फुली मारतात, त्यामुळे त्यावर विसंबता येत नव्हतं. आणि परत आला हे नशीबच. पुष्कळदा असा मेल परतही येत नाही, गुपचूप बाजूला पडतो, आणि आपण ‘बघा, उत्तरच देत नाहीत’ म्हणून चडफडत बसतो.

तिसरा मेल मी भावाला शेजारी बसवून लिहिला. विषयातच सगळं आलं पाहिजे हा त्याचा आग्रह, कारण त्या पेटीत रोज शेकडो अर्ज पडत असणार आणि ‘मदत हवी आहे’ असल्या विषयाला कोण विचारतो. मजकूर साधारण असा:

विषय: आपल्या नावाचं भरती संकेतस्थळ आपलं आहे का? – company-careers[.]example

“नमस्कार. मी आपल्याकडे अद्याप अर्ज केलेला नाही. मंगळवारी मला आपल्या कंपनीच्या नावाने एक मेल आला, त्यात hxxps://company-careers[.]example/apply या पानावर माहिती भरायला सांगितलं आहे. दुव्यावर चुकून टिचकी बसू नये म्हणून पत्ता मुद्दाम मोडून लिहिला आहे. तिथे दिलेला जागेचा क्रमांक आपल्या करिअर पानावरही आहे, त्यामुळे जागेबद्दल माझा प्रश्न नाही. प्रश्न दोन आहेत. हे संकेतस्थळ आपण किंवा आपण नेमलेली भरती संस्था चालवते का? आणि मेलखाली सही असलेली व्यक्ती आपल्यासाठी भरतीचं काम करते का? तिसऱ्या टप्प्यात ओळखपत्र, बँक खातं आणि अनामत मागितली आहे. ते मी दिलेलं नाही. पानाचं आणि मेलचं छायाचित्र सोबत आहे. मूळ मेल हवा असल्यास कसा पाठवू ते कळवावं.”

खाली मेल आल्याची तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. बस्स.

भावाने यातून माझ्या तीन ओळी खोडल्या होत्या. ‘तुमच्या नावाने फसवणूक चालू आहे आणि तुम्ही झोपलात का’ अशा अर्थाची एक होती, ती गेली हे बरंच झालं. संकेतस्थळ खरं निघालं असतं तर त्याच लोकांपुढे मुलाखतीला बसायचं होतं. दुसरी, मला नोकरीची किती गरज आहे ती. तिसरी, ‘संकेतस्थळ खरं असल्यास माझा अर्ज विचारात घ्यावा’. “दोन कामं एका मेलमध्ये घातलीस की तो अर्जांच्या ढिगात जातो,” तो म्हणाला.

दुव्यातलं `http` चं `hxxp` करायचं आणि टिंबाला चौकोनी कंस घालायचे, ही सुरक्षेचं काम करणाऱ्यांची जुनी रीत. माणसाला पत्ता वाचता येतो, पण तो दुवा म्हणून उघडत नाही आणि गाळणीलाही सहसा दुवा वाटत नाही. छायाचित्रात वरची पत्त्याची पट्टी पूर्ण दिसेल असं बघितलं, कारण नुसतं लोगोचं चित्र पाठवलं तर समोरच्याला ते स्वतःचंच पान वाटणार. नक्कल तेवढी चांगली होती.

मेलची एक प्रत सुरक्षा विभागालाही पाठवली. त्यांचा पत्ता मिळवायची युक्ती मला अगदी नवी होती. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे `/.well-known/security.txt` लिहायचं. सुरक्षेच्या तक्रारी कुठे कळवायच्या हे सांगणारी साधी फाइल तिथे ठेवावी असा २०२२ पासून ठरलेला संकेत आहे. सगळे पाळत नाहीत, ह्यांनी पाळला होता.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. ४८ तासांचं घड्याळ केव्हाच संपलं होतं. माझा अर्ज काही रद्द झाला नाही, उलट ‘खास तुमच्यासाठी मुदत वाढवली’ असा मेल आला. तेव्हाच खरं तर हसू आलं होतं.

उत्तर वाचण्याआधी ते कुठून आलंय ते बघितलं. @ च्या पुढे `company.example`, ‘Show original’ मध्ये तिन्ही PASS आणि त्याच नावाचे, आणि Reply-To ची वेगळी ओळ नाही. Reply-To बघायचं कारण, मेल एका पत्त्यावरून आलेला दिसतो आणि आपण उत्तर दिलं की ते भलत्याच पत्त्यावर जातं, असं करता येतं.

मजकूर चारच ओळींचा. हे संकेतस्थळ आमचं नाही आणि आमच्या कुठल्याही भरती संस्थेचंही नाही. अर्ज फक्त करिअर पानावरून उघडणाऱ्या यंत्रणेत घेतले जातात, आणि त्या तिसऱ्या पत्त्याचं नाव त्यांनी लिहून दिलं होतं, जे माझ्याकडे उघडलेल्याशी जुळलं. सही केलेल्या नावाची व्यक्ती आमच्याकडे आहे, पण वित्त विभागात. भरतीशी तिचा संबंध नाही. शेवटी एक प्रश्न: आपण त्या पानावर काही माहिती भरली आहे का?

भरली होती ना. बायोडेटा, फोन, पत्ता. मी तसं कळवलं. पासवर्ड दिला नव्हता, ओळखपत्र आणि खातं दिलं नव्हतं, त्यामुळे बँकेत धावायची वेळ आली नाही. पण बायोडेटा परत मागता येत नाही. त्यात माझ्या दोन जुन्या वरिष्ठांची नावं आणि फोन नंबर होते, संदर्भ म्हणून. त्या दोघांना मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं की माझ्या नावाने कुणी काही विचारलं तर देऊ नका. एकाला ‘पडताळणी’साठी फोन येऊनही गेला होता. सगळ्यात जास्त लाज मला त्या फोनवर वाटली. माझ्या फोनवर पुढचे पंधराएक दिवस अनोळखी नंबर येत राहिले.

सुरक्षा विभागाने मूळ मेल मागून घेतला, पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये. नुसता पुढे पाठवला तर त्याचे प्रवासाचे तपशील, म्हणजे हेडर, निघून जातात. म्हणून ‘Show original’ मधूनच तो डाउनलोड करून द्यावा लागतो. पुढच्या बुधवारी ते संकेतस्थळ उघडेनासं झालं. कंपनीने काढायला लावलं की त्यांनीच गुंडाळलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

जागेसाठी मी खऱ्या पानावरून अर्ज केला. मुलाखतीला बोलावणं आलं नाही.

महिन्याभराने जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला एक दुवा पाठवला, “हे बघ, तुझ्या लायनीतलं आहे.” तेच पान, तीच छायाचित्रं, त्याच जागेचा क्रमांक. पत्त्यात या वेळी दोन आडव्या रेघा होत्या. तिला म्हटलं, काही भरू नकोस. पाठवलेल्या मेलांमधून माझा तिसरा मेल काढला, पत्ता आणि तारीख बदलली, आणि ‘अद्याप अर्ज केलेला नाही’ हे वाक्य खोडून पाठवून दिला.